बंद म्हटलं तरी तपासायचं

"या जगात सगळ्यात मोठं बळ विजेचं नाही; एका माणसानं दुसऱ्याला मनापासून विचारलेल्या 'कसा आहेस?' या दोन शब्दांचं आहे," असं विनोद कापगते यांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी वीज गेली. माईक मेला. उपकेंद्राच्या शेडमधला पंखा दोन फेऱ्या उगाच फिरून थांबला. वीज कंपनीच्या आवारात, वीज कंपनीच्या सहायक अभियंत्यानं विजेचा असा उघड अपमान केल्यावर तिनं दुसरं करायचं तरी काय, असा चेहरा करून सगळे लाईनमन एकमेकांकडे बघायला लागले. मागून टिकाराम म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच लावा जोर." विनोदही हसला होता. मे महिना होता. आवारातल्या कडुलिंबाची पानं हलायची विसरली होती. भाषणाचे दोन परिच्छेद अजून त्याच्या खिशात होते.

हे सगळं त्याला आत्ता आठवत होतं ते एसटीत, कारध्याच्या पुलावर, खिडकीच्या तापलेल्या गजाला हात लागून तो चटकन मागे घेताना. रेतीचे टिप्पर पुढे अडकले होते म्हणून बस मुंगीसारखी सरकत होती. खाली वैनगंगा रुंद, पसरट, उन्हात पांढरी पडलेली. तो भंडाऱ्याला चालला होता, मोठ्या साहेबांकडे, त्याच भाषणासाठी. कोणीतरी मोबाईलवर घेतलेला तो तुकडा, वीज जाते आणि सगळे हसतात तो, वर पोहोचला होता, आणि मोठ्या साहेबांना तो इतका आवडला होता की सगळ्या केंद्रांच्या प्रमुखांसमोर 'तुमचं ते कसा-आहेस एकदा होऊन जाऊ द्या' असा निरोप आला होता. विनोदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पाठ सीटला टेकू नये म्हणून तो पुढे झुकून बसला होता. अशा वेळी माणूस खिडकीबाहेर बघतो ते काही पाहण्यासाठी नाही. चेहऱ्यावर येणारं समाधान शेजाऱ्याला दिसू नये म्हणून.

म्हणूनच त्याला तेजराम दिसला.

कठड्याला लागून मोटारसायकल उभी होती. हँडलला पिवळं हेल्मेट, मागच्या कॅरिअरला गुंडाळलेला कमरेचा सेफ्टी बेल्ट. तेजराम रामटेके, वरिष्ठ तंत्रज्ञ, विनोदच्या केंद्रातला सगळ्यात जुना माणूस, रस्त्याकडे पाठ करून कठड्यावर दोन्ही कोपर टेकून उभा होता आणि खाली बघत होता. पाण्यात बघावं असं काही नव्हतं. मासेमारीची डोंगीसुद्धा नव्हती. विनोद त्याची पाठ बघत होता. गेली कितीतरी वर्षं ती पाठ त्यानं खांबावर, खालून बघितली होती. पण खालून बघितलेली पाठ वेगळी. ती काहीतरी करत असते. ही काही करत नव्हती. मग तेजरामनं शर्टच्या खिशातून मोबाईल काढला, अंगठ्यानं एकदा दाबलं, परत खिशात ठेवला, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. विनोदच्या मांडीवरचा मोबाईल थरथरला. केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप गट. तेजराम रामटेके: ठीक.

हे एवढंच झालं. टिप्पर हलले, बस हलली, तेजरामची पाठ मागे गेली, मग मोटारसायकल मागे गेली, मग पुलाचे खांब. विनोदचा हात घंटीच्या दोरीपर्यंत गेला होता. आपला हात दोरीला धरून आहे आणि ओढत नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्या कोणाचा हात दिसावा तसं. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं आहे का, साहेब? इथं थांबा नाही." आणि विनोद म्हणाला, "नाही नाही. पंखा आहे काय ते बघत होतो." एसटीत पंखा. कंडक्टरनंही त्याला उत्तर देण्याच्या लायकीचं मानलं नाही. मग विनोदनं गटावरच्या त्या 'ठीक'खाली उभा अंगठा टाकला, रोज टाकायचा तसा, आणि दोरीचा वळ तळहातावर पुसत बसला.

तेजराम त्याच्याच जोडीला होता, हे त्याला भंडाऱ्याच्या वेशीवर पितळेच्या भांड्यांची दुकानं लागली तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते माहीतच होतं. फक्त आता टोचलं. त्या दिवशी वीज गेल्यावर फोन खणखणायला लागले होते, गावोगावचे, आणि शिव्यांनी सुरुवात होणारे. सगळे शिड्या उचलायला धावले. विनोद मागून ओरडत होता, "जोड्या! जोड्या ठरवून घ्या! रोज सकाळी आपल्या जोडीदाराला विचारायचं, आणि गटावर टाकायचं!" धावणाऱ्या माणसांना त्यानं बोटं दाखवत वाटून टाकलं, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढावी तसं. शेवटी संख्या विषम निघाली. तेजराम उरला. "मी आणि तेजराम," विनोद म्हणाला, आणि त्याला बरंही वाटलं, कारण तेजरामचं काही बघावं लागत नाही. सरिता खोब्रागडे, केंद्रातली एकटी बाई, विद्युत सहायक, पायात बूट चढवता चढवता म्हणाली होती, "अन् त्यानं ठीक नाही म्हटलं तं काय करायचं जी, साहेब?" "तेव्हाचं तेव्हा पाहू," विनोद म्हणाला होता. हे वाक्य खिशातल्या कागदावर नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं.

खिशातल्या कागदावर जे होतं ते राहूनच गेलं. ते त्यानं चांगलं लिहिलं होतं, हेच वाईट होतं. लाईनवर चढायच्या आधी आपण काय करतो, असं तिथं लिहिलं होतं. उपकेंद्राला फोन करून परमिट घेतो. ऑपरेटर म्हणतो, लाईन बंद केली. आपण तेच वाक्य त्याला परत म्हणून दाखवतो. आणि तरी चढतो का? नाही. आधी टेस्टर लावतो. मग डिस्चार्ज रॉड टाकून लाईन जमिनीला जोडतो, कामाच्या दोन्ही बाजूंना. कारण ऑपरेटर खोटं बोलत नाही, पण कोणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा करंट लाईनवर सोडत असतो, आणि ते ऑपरेटरला ठाऊक नसतं. बंद म्हटलं तरी तपासायचं. माणसाचंही तसंच: पहिलं 'ठीक' हे फक्त परमिट. एकदा ऐकून थांबू नका. बाजूला न्या, बसा, झोपेचं विचारा, जेवणाचं विचारा, पुन्हा विचारा. इथं त्यानं 'पुन्हा' खाली रेघ मारली होती. आणि नेमका हा कागद खिशात राहिला, अन् लोकांच्या हाती लागला तो अर्धा: विचारा, आणि गटावर टाका.

तरी सुरुवातीला लोकांनी खरं विचारलं होतं. खरं म्हणजे टिकारामनं खरं सांगितलं होतं. दुसऱ्याच सकाळी त्यानं गटावर आपल्या मूळव्याधीचं सविस्तर वर्णन टाकलं, त्यावर सासूनं सुचवलेला उपाय, त्या उपायानं काय झालं, आणि सासूबद्दलचं आपलं एकंदर मत. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्याच गटावर परमिटचे निरोपही यायचे. एका फीडरची लाईन बंद ठेवायची वेळ त्या मूळव्याधीखाली गाडली गेली. विनोद चिडला. नियम काढला: गटावर एकच शब्द लिहावा. 'ठीक' किंवा 'ठीक नाही'. सकाळी कामाला लागायच्या आत. लाईनमनला नियम कळतो. परमिटवर कोणी कविता करत नाही. तेव्हापासून सगळं केंद्र रोज सकाळी ठीक होतं. आणि सगळ्यात आधी ठीक होणारा तेजराम. विनोदनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलंही होतं, "तेजरामभाऊपासून शिका. कोंबडा आरवायच्या आत ठीक." तेजराम हसला होता. तो कसा हसला होता, हे विनोद आता आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला फक्त तेजरामच्या शर्टच्या खिशातली तंबाखूची पुडी आठवत होती. मग त्याच्या लक्षात आलं की ती पुडी हल्ली नसते. तंबाखू सुटली म्हणून त्यानं कौतुकही केलं होतं. अलीकडे तेजरामच्या बऱ्याच गोष्टी सुटल्या होत्या: डबा सुटला होता, 'भूकच नाही जी, गर्मीनं'. शिव्या सुटल्या होत्या. पूर्वी फोनवरच्या शिवीला तो अशी परत शिवी द्यायचा की समोरचा काही दिवस अंधारातच राहणं पसंत करी. आता तो नुसतं ऐकायचा, 'हो जी, येतो जी', आणि विनोदला वाटलं होतं, माणूस सुधारला. रात्रपाळी मागून घ्यायचा. 'झोप नाही तशी बी.' एकेक सुटत होतं, आणि विनोद प्रत्येकाच्या खाली उभा अंगठा टाकत होता.

मोठ्या साहेबांच्या कार्यालयात एसी होता, आणि तो इतका थंड होता की विनोदच्या घामाला कापरं भरलं. टेबलावर ताटल्या झाकून ठेवलेल्या होत्या. झाकणाखाली समोसे आहेत हे सगळ्या केंद्रप्रमुखांना वासानं कळत होतं आणि सगळे तिकडे न बघण्याचा सभ्यपणा करत होते. भिंतीवर एक तक्ता दाखवला गेला. विनोदच्या केंद्राचा खांब सगळ्यात उंच होता, हिरवा, टोकापर्यंत. "शंभर टक्के ठीक," मोठे साहेब म्हणाले. "या उन्हाळ्यात, इतक्या तक्रारी, इतकी वादळं, आणि एकही माणूस ठीक नाही असं नाही. हा पॅटर्न आपण सगळीकडे राबवू. बोला, कापगते." विनोद उठला. त्यानं कागद काढला. घडी उलगडताना त्याला समोर लोकांऐवजी तेजरामची पाठ दिसली, आणि तिच्यापलीकडे पाणी, आणि त्याला असं वाटलं की आपण बसमधून अजून उतरलेलोच नाही, बस अजून पुलावरच आहे, आणि हे एसीचं थंडगार कार्यालय ही खिडकीतून दिसणारी एक गोष्ट आहे. "जगात सगळ्यात मोठं बळ," तो म्हणाला. या वेळी वीज गेली नाही. तो वाट बघत होता. त्या वाक्यानंतर तो इतका वेळ थांबला की लोकांना वाटलं ही भाषणाची ढब आहे, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यानं उरलेलं वाचायला सुरुवात केली. परमिट. टेस्टर. डिस्चार्ज रॉड. उलटा करंट. "बंद म्हटलं तरी तपासायचं," त्यानं वाचलं, आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात ते वाक्य त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं. 'पुन्हा'खालची रेघ आली तेव्हा तो थांबला. "मला एक फोन करायचा आहे," तो म्हणाला. मोठे साहेब हसून म्हणाले, "हे बघा, लगेच अंमलबजावणी!" पुन्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत तो बाहेर पडला. झाकणं उघडल्याचा आवाज मागून आला.

व्हरांड्यात ऊन पायरीपर्यंत आलं होतं. तेजरामचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग त्यानं सरिताला लावला. ती कुठल्यातरी गावच्या डीपीपाशी, ट्रान्सफॉर्मरखाली होती. मागून माणसांचा कलकलाट येत होता. "तेजरामभाऊ?" ती म्हणाली. "त्याईनं तं आज सुट्टी टाकली जी. तुमाले नाही सांगतलं? काहून, काय झालं?" काही नाही, असं म्हणता म्हणता विनोद थांबला. "सरिता, तुला तो काही वेगळा वाटला का?" मागचा कलकलाट बारीक झाला, बहुतेक ती बाजूला गेली होती. "काल त्याईनं मले आपला पकड देऊन टाकला जी. तो जुना, ज्याले कोनाले हात नाही लावू देत, तो. म्हटलं, तुमाले नाही लागत का, भाऊ? तं म्हणाले, तुले कामी पडंल, पोरी. अन् चढायचा दोर त्या नव्या पोराले, गोलूले देला. मले वाटलं रिटायरमेंट घेऊन राहिले का काय. मी गटावर टाकनारच होती जी. पण तिथं एकच शब्द लिहाचा ना."

शेवटचं वाक्य तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. नियम होता तो सांगितला.

ऑटोत बसून त्यानं सरकारच्या त्या मोफत नंबरला फोन लावला, चौदा चारशे सोळा. हा नंबर त्यानंच केंद्राच्या भिंतीवर चिकटवला होता, भाषणाच्या दिवशी, फ्यूज-कॉलच्या नंबरखाली. पलीकडे एक बाई बोलायला लागली, तरुण, न घाबरणाऱ्या आवाजाची. विनोदनं तिला आपलं पद सांगितलं, केंद्राचं नाव सांगितलं, उपक्रमाचं सांगितलं. तिनं मध्येच विचारलं, "ते आत्ता कुठे आहेत?" मग फक्त तेजरामबद्दलच बोलायचं उरलं. ती म्हणाली, जवळ जा. शेजारी बसा, समोर नको. घाई करू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. हो म्हणाले तर कसं करायचं ठरवलंय, साधन जवळ आहे का, तेही विचारा, आणि ते साधन दूर करा. एकटं सोडू नका. गुपित ठेवतो असं वचन देऊ नका. जीव धोक्यात वाटला तर एकशे बारा लावा, आणि जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, तिथं बरोबर जा. नुसता पत्ता देऊ नका. "आणि समजावू नका," ती म्हणाली. "सगळं ठीक होईल, मुलाबाळांकडे बघा, असं काही नको. ऐका." विनोद म्हणाला, "मी भाषण चांगलं करतो." का म्हणाला ते त्याला कळलं नाही. "आज नका करू," ती म्हणाली.

पुलावर कोणी नव्हतं. मोटारसायकल नव्हती. कठडा होता, आणि कठड्यावर दुपारचं ऊन. विनोदनं ऑटो थांबवला, खाली उतरून कठड्याला हात लावला, आणि पाण्याकडे बघितलं. पाण्यात काही नव्हतं. पाण्यात काही नसणं किती वेळ बघत राहावं लागतं, याचा त्याला अंदाज नव्हता. ऑटोवाला म्हणाला, "काय हरवलं का जी?" आणि मग त्यालाच विनोदची दया आली असावी. "पिवळ्या टोपीवाले लाईनमन का? मघा सवारी सोडाले आलो तवा ते खाली घाटाकडे जाऊन राहिले होते. चहावाल्याजवळ गाडी आहे."

कारध्याच्या बाजूला पायऱ्या उतरून गेलं की पिंपळाची सावली पडते, दुपार कलल्यावर लांब. तेजराम तिथं शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला होता. पायातले बूट काढून बाजूला ठेवलेले, बुटांत मोजे नीट कोंबलेले. विनोदनं आधी ते मोजे बघितले. तो जाऊन शेजारी बसला. इस्त्रीचा शर्ट पायरीला टेकला. आयुष्यात इतका वेळ न बोलता बसणं विनोदला पहिल्यांदा जमत होतं, आणि त्यातही त्याला आपलं थोडं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाची लगेच लाज वाटली.

"मीटिंग झाली?" तेजराम म्हणाला.

"सोडून आलो."

"समोसे असतेत तिथं."

"तेजरामभाऊ, कसा आहेस?"

"ठीक," तेजराम म्हणाला. सवयीनं. आणि पाण्याकडे बघत राहिला.

"पुन्हा विचारतो," विनोद म्हणाला. "झोप लागते?"

"नाही."

"जेवण?"

"नाही." मग तेजराम किंचित हसला. "तुमी फीडर तपासून राहिले का जी? एकेक भाग बंद करून, कोनत्या भागात फॉल्ट आहे ते? मी बी तेच करून पाहिलं. घर, तुळसा, तृप्ती, नोकरी. एकेक तोडून पाहिलं. सगळं ठीकच आहे. तुळसा भली बाई. पोरगी नर्सिंगले नागपूरले, हुशार आहे. कोनाचं देनं नाही. कारण असतं तं दुरुस्त केलं असतं. फॉल्ट सापडून नाही राहिला, अन् लाईन तं ट्रिप होऊन राहिली रोज."

विनोदच्या तोंडाशी आलं, असं काय करतोस, पोरीकडे बघ. ते त्यानं गिळलं. तेवढं गिळण्यात त्याची सगळी ताकद गेली. "तेजराम, जीव द्यायचा विचार येतो का?"

पाण्यावर एक पाखरू टेकून उडालं. तेजरामनं बुटांकडे बघितलं. "येते," तो म्हणाला, कोणीतरी अखेर बरोबर नंबर लावल्यासारखा. "सकाळी पुलावर आलो होतो त्याचसाठी. उभा होतो. मग तुमची बस आली."

"तू पाठमोरा होतास."

"गाडीचा आरसा होता ना जी." तेजराम हे अगदी साधं सांगत होता, खांब कुठे वाकला आहे ते सांगावं तसं. "आरशात खिडकी दिसत होती. तुमी दिसले. मी मोबाईल काढला तो तुमी बघून राहिले म्हनून. म्हटलं, साहेब डोळ्यानं बघून राहिले, आता ठीक टाकतो; खोटं कळंल त्याईले. तुमचा हात दोरीले गेलता. म्हटलं, साहेब आता उतरतेत." तो थांबला. "मग अंगठा आला."

टाळ्या, तक्ता, हिरवा खांब, सगळं विनोदच्या आतून खाली घसरत गेलं, आणि तळाशी एक उभा अंगठा उरला. माफी मागावी असं वाटलं, आणि माफी हेही एक भाषणच, हे कळलं. तो नुसता म्हणाला, "उतरायला पाहिजे होतं."

"हो," तेजराम म्हणाला. त्यानं 'जाऊ द्या जी' म्हटलं नाही. जन्मभर सगळ्यांना 'जाऊ द्या जी' म्हणणाऱ्या माणसानं ते म्हटलं नाही, आणि विनोदला कळलं की हे आपल्याजवळ राहणार आहे; बदली झाली तरी, निवृत्त झालो तरी, कोणी खिडकीत बसा म्हटलं की आठवणार आहे.

"मग पुलावरून खाली काहून आलास?" विनोदनं विचारलं.

"चहावाल्याची लाईट गेलती," तेजराम म्हणाला. "त्यानं हाक मारली. मीटरजवळचा वायर ढिला होता. लावून देला. मग इथं बसलो. आता परत वर जायचं का नाही, ते ठरून नाही राहिलं."

"घरी काही आणून ठेवलंय का?"

तेजरामनं एक बूट उचलून परत जागेवर ठेवला. "धानावर मारायची बाटली आहे. कपाटावर."

"ती मी घेऊन जाईन. आज तुझ्याकडंच राहतो. तुळसावहिनी कुठं आहेत?"

"लाखांदूरले. भावाच्या पोराचं लगन आहे. तिले नका सांगू."

"सांगावं लागंल," विनोद म्हणाला. हे म्हणताना त्याला त्या फोनवरच्या बाईचा आवाज आठवला. तो आवाज आपल्यात कुठेतरी बसला तर बरं, असं वाटलं. "तूच सांग. मी बाजूला बसतो. नाही बोलता आलं तर मी बोलीन. उद्या जिल्हा रुग्णालयात जाऊ. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. खांबावर चढायचं नाही आता, डॉक्टर सांगेपर्यंत. रजा मी टाकतो."

"लोक म्हनतीन, तेजरामचं डोकं फिरलं."

"म्हणतील," विनोद म्हणाला. "टिकारामच्या मूळव्याधीबद्दल पण म्हणाले होते."

तेजराम हसला. हे हसणं विनोदनं नीट बघितलं, या वेळी; वरचा ओठ एका बाजूला जास्त सरकतो, आणि डोळे हसत नाहीत, अजून नाहीत. मग त्याचा चेहरा आकसला आणि तो रडायला लागला, आवाज न करता, गुडघ्यांवर हात ठेवून, पाण्याकडे बघतच. विनोदनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. खालून बघितलेली, आरशातली, खिडकीतली, सगळ्या पाठी एकच होत्या आणि त्यांतल्या एकीलाही त्यानं कधी हात लावला नव्हता. पाठीवर हात ठेवल्यावर पुढं काय करायचं, हे कागदावर नव्हतं. त्यानं तो तसाच ठेवला. मोबाईल खिशात थरथरला, बहुतेक मोठे साहेब; त्यानं बघितलं नाही. उन्हाची धार पिंपळाच्या पानांतून उतरून पायरीवर आली, पुलावरून एसटी गेली, तिच्या खिडक्या एकामागून एक चमकल्या, आणि कुठल्याच खिडकीतलं कोणी उतरलं नाही, कारण उतरायचं असं काही कोणाला दिसलंच नसेल. नदीवरून जरासा वारा सुटला, दिवसभरातला पहिला.

तुळसाला फोन लागला. तेजराम 'मी बोलतो' म्हणाला, पण 'हॅलो, तुळसा' यापलीकडे त्याला जाता येईना, मग विनोदनं फोन घेतला आणि जेवढं होतं तेवढंच सांगितलं. पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता. मग बँडचा आवाज बारीक झाला. ती घराबाहेर आली असावी. "मी निघाली," एवढंच ती म्हणाली. "त्याईले तिथंच बसवून ठेवा जी."

ते तिथंच बसून राहिले. विनोदला आता काहीतरी करावंसं वाटत होतं, मोठं, दोरी न ओढलेल्या हाताला पुरेल एवढं. गट बंद करावा, तक्ता फाडावा, सगळ्यांना बोलावून कागदाचा उरलेला भाग वाचावा. चहा आणावा. त्याला एकदम वाटलं की आपण आजवर माणसांना जे विचारलं त्यात एक प्रश्न कधीच नव्हता. तो तेजरामकडे वळला.

"तेजरामभाऊ, आता, या क्षणी, मी तुझ्यासाठी काय करू? काहीही सांग. जे म्हणशील ते."

तेजरामनं नाक पुसलं. त्यानं खरोखर विचार केला. कपाळावर आठी पडली. पाण्याकडे बघितलं, पिंपळाकडे बघितलं, मग विनोदकडे बघितलं.

"जरा तिकडं सरका जी," तो म्हणाला. "वारा अडवून राहिले."